पन्हा ४८ इंच, पिशव्या किती?

संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे आमच्या भाईंदरला हळदीकुंकवाचे दिवस. दर दोन दिवसांनी कुणाचे तरी बोलावणे असते आणि घरी परतताना हातात काहीतरी वाण असते. पूर्वी प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या असे काय काय मिळायचे. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून वाणात कापडी पिशवीने चांगलेच बस्तान बसवले आहे. दिसायला साधी, रोज उपयोगाची आणि परवडणारी. मग अशा पिशव्या शिवून देणाऱ्या बायकाही घरोघरी तयार झाल्या. आमच्या मजल्यावरच्या वहिनी त्यांतल्याच एक.

गेल्या संक्रांतीच्या आधीची गोष्ट. मी दुपारची शाळा आटोपून, सहावीच्या गणिताच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन जिना चढत होते, तर वहिनी दारातच उभ्या. चेहरा पार उतरलेला. म्हणाल्या, "बाई, जरा आत येता का? माझा हिशेब कुठे चुकला ते मला समजतच नाही. गुणाकार दहा वेळा करून पाहिला."

आत गेले तर दिवाणखानाभर कापडच कापड. जवळच्या एका सोसायटीच्या महिला मंडळाने त्यांना १५० पिशव्यांची ऑर्डर दिली होती, ४० रुपयांना एक. भाव ठरलेला, आगाऊ रक्कम घेतलेली. या कामातून सव्वादोन हजार सुटतील आणि मुलीच्या बारावीच्या क्लासचा हप्ता भरता येईल असा त्यांचा अंदाज होता. आणि कापड तर ११९ पिशव्यांतच संपले होते.

त्यांनी वही दाखवली. खरे सांगते, वहीतले सगळे गुणाकार-भागाकार बिनचूक होते. माझ्या वर्गातल्या मुलीने असा कागद दिला असता तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. म्हणूनच तो हिशेब तुमच्यापुढे मांडते. चूक कुठे आहे ते वाचता वाचता तुम्हीही शोधून पाहा.

पिशवी तयार झाल्यावर १५ इंच रुंद आणि १६ इंच उंच हवी होती. दोन्ही बाजूंच्या शिवणींसाठी अर्धा अर्धा इंच माया धरली की कापायची रुंदी झाली १६ इंच. पिशवी तळाशी जोड न देता एकाच लांब तुकड्याची दुमडून करायची, म्हणून पुढचे १६ आणि मागचे १६, शिवाय दोन्ही तोंडांना दुमडीसाठी दीड-दीड इंच, अशी लांबी ३५ इंच. म्हणजे एका पिशवीच्या अंगाला १६ बाय ३५ चा तुकडा. त्याखेरीज दोन बंद, प्रत्येकी अडीच इंच रुंद आणि २४ इंच लांब.

कापड मांजरपाट, पन्हा ४८ इंच, भाव ६० रुपये मीटर. वहिनींनी मांडले, ४८ भागिले १६ म्हणजे ३. पन्ह्यात तीन पिशव्या बसतात, म्हणजे १५० पिशव्यांना ३५ इंचांचे ५० पट्टे लागतील, त्याचे साडेचव्वेचाळीस मीटर. बंदांसाठी आणखी पावणेदहा. एकूण ५४ च्या वर थोडे, म्हणून ५५ मीटर आणले. ३३०० रुपये बिल. १५० ने भागले की पिशवीमागे कापड २२ रुपयांचे. दोरा, वीज, सुईबिई मिळून ३ रुपये, आणि हाताशी १५ रुपये मजुरी. अशी ४० रुपयांची पिशवी.

सापडली का चूक? मी तागा उलगडला आणि टेप आडवी लावली. साडेसत्तेचाळीस इंच. दुकानदाराने फसवले असे म्हणायचे कारण नाही. पन्हा म्हणून जो आकडा सांगतात तो नावाचा असतो, माग, ताण, धुलाई याप्रमाणे प्रत्यक्षात तो थोडा इकडेतिकडे होतो. शिवाय दोन्ही कडांची किनार असते. ती जरा जाड, घट्ट विणीची, कधी ओढलेली, आणि धुतल्यावर बाकीच्या कापडापेक्षा वेगळी आटते. ती शिवणीत घेतली तर शिवण चुणते. पाव-पाव इंच ती काढली की हाती राहिले ४७ इंच.

आता ४७ मधून १६ इंचांचे तुकडे किती? दोन. "दोन पूर्णांक पंधरा सोळांश" हे फळ्यावर चालते, कापडावर नाही. पंधरा सोळांश पिशवी कुणी वाण म्हणून लुटत नाही. उरलेली १५ इंचांची पट्टी एका इंचासाठी पिशवी होता होता राहिली, आणि ही गोष्ट प्रत्येक पट्ट्यात, तागा संपेपर्यंत घडत गेली.

वहिनींच्या हे पहिल्याच पट्ट्यात लक्षात यायला हवे होते असे तुम्ही म्हणाल. आले होते. पण तोवर कापड घरात, दिवस थोडे, आणि बंद तर काढायचेच आहेत, उरलेल्या पट्टीतून निघतील, जमेल कसेतरी असे म्हणत त्या कापत गेल्या. ५५ मीटरमध्ये ३५ इंचांचे ६१ पट्टे निघाले. दुणे केले तर १२२ पिशव्या. त्यांतही एका जागी मागाच्या तेलाचा काळा डाग आला, तो नेमका दोन्ही तुकड्यांवर, आणि पुढे एका जागी दोन-तीन धागे तुटून विणीत फट पडलेली. म्हणून तीन बाद. राहिल्या ११९.

उरलेल्या ३१ पिशव्यांसाठी त्यांना १५ मीटर कापड स्टेशनजवळच्या दुकानातून किरकोळ भावाने, ६८ रुपयांनी घ्यावे लागले. आणखी १०२० रुपये गेले. सगळे कापड ४३२० रुपयांचे झाले, पिशवीमागे २८ रुपये ८० पैसे. मजुरी १५ वरून ८ रुपये २० पैशांवर आली. कापणे, शिवणे, बंद उलटणे, इस्त्री, सगळे त्यात. सव्वादोन हजारांचे झाले १२३० रुपये.

मैत्रिणींनो, या हिशेबात लक्षात ठेवायची गोष्ट तशी एकच आहे. भागाकार करायचा तो कागदावरच्या नगांनी करायचा नाही, हाती येणाऱ्या चांगल्या नगांनी करायचा. आणि चांगले नग किती येतील हे कापडाच्या एकूण क्षेत्रफळावरून कळत नाही. आधी पन्ह्यात पूर्ण तुकडे किती बसतात ते पाहायचे आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. मग लांबीत पूर्ण पट्टे किती, तिथलाही अपूर्णांक सोडायचा. त्यातून डाग-दोषाचे वजा करायचे. एवढे झाल्यावर बिलाची सगळी रक्कम, जीएसटी धरून, रिक्षा-हमाली धरून, त्या आकड्याने भागायची. दुकानात भाव विचारताना जीएसटी धरून सांगता की वेगळा, हे त्याच वेळी विचारावे. पावती हातात आल्यावर विचारून उपयोग नसतो.

आता मला विचाराल तर वहिनींचे नुकसान दुकानातच टळले असते, आणि तेही दोन निरनिराळ्या प्रकारांनी.

पहिला प्रकार पन्ह्याचा. त्या मरीन लाइन्सला उतरून मुळजी जेठा मार्केटात गेल्या होत्या. त्या दुकानात त्याच जातीचे कापड ३६ पन्ह्यातही होते, ४५ रुपये मीटर. वहिनींनी तिथेच तोंडी हिशेब केला होता. ४५ भागिले ३६ म्हणजे इंचाला सव्वा रुपया, ६० भागिले ४८ म्हणजेही सव्वा रुपया. मग भाव तोच आहे, तर मोठा पन्हा बरा, जोड कमी. आपण सगळ्याच असे करतो. साड्यांच्या फॉलपासून पडद्यांपर्यंत "मोठा पन्हा फायद्याचा" हे आईकडून ऐकत आलेलो असतो.

पण ३६ च्या पन्ह्यात किनार सोडून ३५ इंच मिळाले असे धरा. त्यात १६ इंचांचे तुकडे किती? दोनच. म्हणजे ४८ च्या पन्ह्यात जितके, तितकेच! वर उरतात तीन इंच, त्यात अडीच इंची बंदाची एक पट्टी निघते. ती आधीच सबंध लांबीची फाडून घेतली तर तुकडे वाया जात नाहीत. कमी पडणारे बंद वेगळे कापायचे, तेही धरून साधारण मीटरभर कापडात दोन पिशव्या होतात. पिशवीमागे साडेबावीस रुपये. तर ४८ च्या पन्ह्यात, दोनच बसतात हे कबूल केल्यावर, १५० पिशव्यांना पाऊणशे पट्टे, म्हणजे जवळजवळ ६७ मीटर, ४००० रुपये. पिशवीमागे २६ रुपये ६७ पैसे. बंद त्यात उरलेल्या पट्टीतून फुकट निघतात हे खरे, पण त्या फुकटाची किंमत आपण आधीच मोजलेली असते.

इंचाचा भाव सारखा असून पिशवीमागे चार रुपयांचा फरक! म्हणून मी म्हणते, दुकानात शिरण्याआधी कापायचा तुकडा चिठ्ठीवर लिहून न्यावा. पन्हा विचारला की त्यातून एक इंच वजा करावा आणि तुकडा किती वेळा पूर्ण बसतो ते पाहावे. पन्हा मोठा की लहान याला तसा अर्थ नाही, आपल्या तुकड्याशी तो जुळतो की नाही याला आहे. हाच तुकडा १५ इंचांचा असता तर ४८ च्या पन्ह्यात तीन बसले असते आणि ३६ च्या पन्ह्यात दोनच.

आणि तिथूनच दुसरा प्रकार निघतो, मापाचा. मंडळाच्या बायकांनी १५ इंच रुंदी सांगितली ती काही शास्त्रात लिहिलेली नव्हती. कुणीतरी घरची एक पिशवी मोजली, आकडा गोल बरा म्हणून १५ म्हटले. त्यांना जर वहिनींनी विचारले असते, "साडेचौदा केली तर चालेल का?", तर कोण नाही म्हणणार होते? पिशवीत एक जुडी मेथी कमी मावते असे नाही. साडेचौदा म्हणजे कापायला साडेपंधरा. तीन वेळा साडेपंधरा म्हणजे साडेशेहेचाळीस, आणि पन्हा आहे ४७. बसले!

मात्र इथेही कागदावर भुलून चालणार नाही. या बेताने बंदांसाठी वेगळे कापड लागते, कारण पन्ह्यात आता अर्धाच इंच उरतो. मी त्या संध्याकाळी वहिनींसमोर मांडून पाहिले. पिशव्यांचे ५० पट्टे आणि बंदांचे २४ इंची १७ पट्टे मिळून २१५८ इंच. आणि ५५ मीटर म्हणजे २१६५ इंच. सबंध ताग्यात शिल्लक सात इंच! वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तेवढ्याच कापडात झाल्या असत्या की!" मी म्हटले, नाही. ताग्याची सुरुवात आणि शेवट कधी सरळ नसतात, त्या सरळ करण्यात चार इंच जातात. राहिले तीन. आणि तो तेलाचा डाग व ती फट? तीन पिशव्या तिथे पडल्याच असत्या. म्हणून अशा बेताला दोन मीटर जास्त घ्यायचे, ५७ मीटर. बिल ३४२०, पिशवीमागे २२ रुपये ८० पैसे. २८ रुपये ८० पैशांशी ताडून पाहा. पिशवीमागे बरोबर सहा रुपये, सगळ्या मिळून ९००.

दोन मीटर जास्त का, चार का नाही, असे कुणी विचारेल. मांजरपाट यंत्रमागाचा, स्वस्त, त्यात दोष असायचेच. आमच्याकडे येणारे पुष्कळसे कापड भिवंडीच्या मागांवरचे असते. ५० मीटरमागे एक-दोन पट्टे दोषात जातात असा माझा आणि वहिनींचा आतापर्यंतचा अनुभव. प्रत्येक दुकानाचा, प्रत्येक जातीचा अनुभव वेगळा येईल, तेव्हा पहिल्या दोन-तीन ताग्यांची नोंद ठेवावी. तारीख, पन्हा सांगितलेला, पन्हा मोजलेला, नग निघाले किती, बाद किती. मग हा आकडा ऐकीव राहत नाही, आपला होतो.

आता कापण्याबद्दल थोडे, कारण अर्धा इंच शिल्लक ठेवून कापायचे तर हात सैल चालत नाही.

तागा घरी आल्यावर कात्री लावण्याआधी पन्हा तीन जागी मोजावा, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटाकडे. हिशेब सगळ्यांत अरुंद जागेवर करावा. वहिनींच्या दुसऱ्या ऑर्डरच्या ताग्यात सुरुवातीला सत्तेचाळीस निघाले आणि मध्ये सव्वाशेहेचाळीस. साडेपंधराचे तीन तिथे बसलेच नसते. तागा घड्यांचा असेल तर एक घडी टेपने मोजून घड्या मोजाव्यात, म्हणजे लांबीही कळते. घड्या मोजतानाच कापड उजेडासमोर धरावे. विणीतली फट उजेडात लगेच दिसते. तिथे किनारीला रंगीत दोऱ्याचा टाका घालून ठेवावा आणि पट्टे आखताना तो दोष शक्य तर बंदांच्या भागात किंवा दोन पट्ट्यांच्या मध्ये येईल असे पाहावे. हीच तेवढी एक जागा आहे जिथे डाग पडलेले कापडही वाचते.

टोक सरळ करायला कात्रीवर भरवसा ठेवू नये. किनारीला लहानशी चीर देऊन एक आडवा धागा ओढून काढावा. तो निघालेल्या जागी रेघ दिसते, त्यावरून कापावे. मांजरपाट फाडलाही जातो, सरळ धाग्यावर फाटतो आणि काम भराभर होते. मात्र फाडलेली कड चुणते, तिचे धागे सुटतात आणि त्या काठाचा थोडा भाग कामातून जातो. दुमडीत जाणाऱ्या कडा खुशाल फाडाव्यात, शिवणीच्या कडा कापाव्यात.

घाई होते म्हणून आठ-दहा पदर एकावर एक ठेवून घरच्या कात्रीने कापणे मात्र अंगाशी येते. कात्रीचे खालचे पाते कापड वर उचलते, वरचे पदर सरकतात, आणि वरचा तुकडा साडेपंधरा तर खालचा सव्वापंधरा निघतो. वहिनींच्या पिशव्यांत काहींची तोंडे तिरपी आली ती याचमुळे. चार पदरांपर्यंत, चारी कोपऱ्यांना टाचण्या लावून, आणि पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडूने आखून कापावे. साचा पुठ्ठ्याचाच करावा. पहिल्या कापलेल्या तुकड्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असे आखत गेले की दर वेळी खडूच्या रेघेइतकी भर पडत जाते आणि पन्नासाव्या पट्ट्याला कापड कमी पडले म्हणून आपण दुकानदाराला बोल लावतो.

आटण्याचा प्रश्न वाणाच्या पिशव्यांत फारसा येत नाही, कारण त्या कोऱ्या कापडाच्याच देतात. पण हाच हिशेब उशांच्या अभ्र्यांना, चादरींना लावायचा तर कोरा पन्हा धरून चालणार नाही. कोऱ्या मांजरपाटात खळ असते आणि मागावरचा ताण असतो. एक फूट लांब, एक फूट रुंद तुकडा मोजून कापावा, गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून, इस्त्री करून पुन्हा मोजावा. माझा तुकडा उभ्यात बारा इंचांचा सव्वाअकरा झाला होता, आडव्यात तितका नाही. आडव्यात अर्धा इंच जरी गेला तरी ४७ चे ४५ होतात, आणि साडेपंधराचे तीन बसत नाहीत. तेव्हा धुऊन शिवायचे असेल तर आधी तुकडा धुवावा, मग पन्ह्याचा भागाकार करावा.

राहता राहिल्या चिंध्या. यावर आमच्या घरात दोन मते आहेत. आमच्या सासूबाई काहीच टाकू देत नाहीत, आणि आमचे हे म्हणतात की उरलेले ठेवायला जागेचे भाडे लागते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे पुष्कळ कारखाने आहेत. ओळखीतले एक गृहस्थ त्यांतल्या एकात काम करतात. त्यांनी सांगितले की पातेल्याला पत्र्याच्या चौकोनातून गोल सर्कल कापतात, तर चारी कोपऱ्यांत मिळून पाचव्या हिश्श्याहून थोडा जास्तच पत्रा उरतो. गणिताने ताडून पाहिले, बरोबर आहे, शंभरातले साडेएकवीस. तो पत्रा ते टाकत नाहीत, भंगारात विकतात. पण पातेल्याची किंमत काढताना अख्ख्या चौकोनाची किंमत धरतात आणि भंगाराचे जे पैसे खरोखर हाती येतात तेवढेच त्यातून वजा करतात. "पुढेमागे उपयोगी पडेल" म्हणून एक पैसाही वजा करत नाहीत.

कापडालाही तसेच करावे. चिंध्या विकल्या गेल्या, किंवा त्यांनी विकत घ्यायची वस्तू खरोखर वाचली, तरच त्यांची रक्कम वजा करायची. आमच्याकडे किलोवर नेणारे चिंध्या घेतात, पण शिवणकामाच्या चिंध्यांचे फार येत नाहीत. त्यावर पिशवीचा भाव कमी करू नये.

वहिनींचे काय झाले ते सांगायचे राहिलेच. दोन्ही वेळचे मिळून ७७ पट्टे कापले गेले होते, म्हणजे १५ इंच रुंद, ३५ इंच लांब असे ७७ तुकडे उरले. त्यांतल्या ५० तुकड्यांत ३०० बंद झाले. बाकी २७ तुकडे त्यांनी चिंध्यांच्या बोचक्यात बांधायला घेतले होते. मी टेप लावली आणि हसू आले. १५ बाय ३५ म्हणजे पिशवीच की! तयार झाल्यावर १४ इंचांची, ऑर्डरीपेक्षा एक इंच लहान, एवढाच फरक. बंदांसाठी सात तुकडे गेले, राहिलेल्या वीस तुकड्यांच्या वीस पिशव्या झाल्या. शाळेत आमच्या शिक्षिकांना आणि मजल्यावरच्या बायकांना ३५ रुपयांनी दिल्या. सातशे रुपये आले, दोरा-शिलाई त्यातच. क्लासचा हप्ता पुरा झाला नाही, पण उसने मागायचे होते त्यातले थोडे कमी मागावे लागले.

आणि बंद कापल्यावर उरलेले ११ इंचांचे जाड तुकडे? त्यांतले दोन-दोन एकत्र शिवून त्यांनी गरम भांडी उतरवायची फडकी केली. एक जोडी मलाही दिली. ती मात्र हिशेबात धरलेली नाही.